नळी पुसायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या स्टुडिओत एक आजी आल्या होत्या. नातवाच्या बारशासाठी मोठा फोटो करून घ्यायचा होता. हातात मुलाचा मोबाईल, त्यात बाळाचा पहिला फोटो. बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, काही आठवडे काचेत ठेवलेलं. डोक्यावर विणलेली टोपी, डोळे मिटलेले, चेहरा किंचित एका बाजूला कललेला. नाकपुडीतून निघालेली एक बारीक नळी गालावरून कानाकडे गेलेली, आणि ती हलू नये म्हणून गालावर आणि वरच्या ओठावर चिकटपट्ट्या. आजी म्हणाल्या, "दादा, एवढी नळी आणि पट्ट्या पुसून द्या. बाकी काही करू नका."

'पुसून द्या' हा शब्द आमच्या धंद्यात रोज ऐकू येतो. ऐकायला तो सोपा वाटतो. पाटीवरची अक्षरं पुसली की खालची पाटी दिसते, तशी नळी पुसली की खालचा गाल दिसेल, असं वाटतं. पण फोटोत नळीच्या खाली गाल नसतोच. कॅमेऱ्याने गाल टिपलेला नाही, नळी टिपली आहे. संगणकात तेवढा भाग खरोखर पुसला, तर तिथे नुसतं भोक पडतं.

मग पुसलेल्या फोटोत दिसतो तो गाल येतो कुठून?

## आधी मोजमाप

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकडा ० असला तर तो रंग अजिबात नाही, २५५ असला तर पुरेपूर. फोटो दुरुस्त करणं म्हणजे शेवटी हे आकडे बदलणं.

आजींच्या मोबाईलमधला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा होता. त्यात बाळाच्या चेहऱ्याची रुंदी साधारण १२०० पिक्सेल. एवढ्याशा बाळाचा चेहरा प्रत्यक्षात सात सेंटिमीटरच्या आसपास रुंद धरला, तर फोटोतला एक मिलिमीटर सुमारे १७ पिक्सेलचा होतो.

आता नळी. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन क्रियांचा मेळ बाळाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला दूध थेट पोटात पोचवण्यासाठी ही नळी घालतात. तिची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. लहान बाळांना बहुधा पाच किंवा सहा फ्रेंचची नळी असते. पाच फ्रेंच म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे आमच्या फोटोत सुमारे ३० पिक्सेल. गालावरची कागदी पट्टी सव्वा सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण २०० बाय ४०० पिक्सेल.

या दोन आकड्यांत कामाचं सगळं गणित आहे. नळीच्या मध्यरेषेपासून दोन्ही अंगांना अवघ्या १५-१५ पिक्सेलवर खरी कातडी आहे. मधे काय असेल याचा अंदाज चुकायला फारशी जागाच नाही. पट्टीखाली मात्र ऐंशी हजार ठिपके गडप झालेले आहेत, आणि मधल्या ठिपक्यापासून सगळ्यात जवळची खरी कातडीही शंभर पिक्सेल लांब आहे. नळीचं काम तासाभराचं, पट्टीचं काम दिवसभराचं. आजींना ते उलटं वाटत होतं, कारण त्यांच्या डोळ्यांत सलत होती ती नळी.

## ठिगळ की रफू

हरवलेला भाग भरायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे शेजारचा तुकडा उचलून तिथे लावणं. संगणकात या हत्याराला क्लोन स्टॅम्प म्हणतात. चांगल्या गालावर एक जागा दाखवायची, मग नळीवर ब्रश फिरवायचा. तिथले आकडे जसेच्या तसे इथे येऊन बसतात. हे ठिगळ झालं. कापड तेच, वीणही तीच, पण गालावर उजेड सगळीकडे सारखा नसतो. खिडकीकडची बाजू उजळ, कानाकडची सावलीत. उजळ भागातला तुकडा सावलीत लावला की ठिगळ लांबून ओळखू येतं.

पैठणी कुठे कसरली की ती रफूवाल्याकडे जाते. तो ठिगळ लावत नाही. साडीच्याच आतल्या काठातून धागा काढतो आणि भोकाभोवतीच्या विणीत एकेक करून मिसळतो. धागा दुसरीकडचा, पण ताण इथला. हे काम संगणकात करणारं हत्यार म्हणजे हीलिंग ब्रश. फोटोशॉपमध्ये तो २००२ साली आला आणि आमच्या धंद्याचं रूपच पालटलं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातले पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांगने आणि अँड्र्यू ब्लेक यांनी याच जातीच्या कामामागचं गणित एका शोधनिबंधात मांडलं. त्यातलं मूळ समीकरण एकोणिसाव्या शतकातल्या पुआसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाचं आहे. समीकरण बाजूला ठेवू, त्यामागची कल्पना मात्र लोणच्याच्या बरणीवर समजते.

## बरणीवरचं फडकं

बरणीच्या तोंडावर फडकं ताणून दोरीने बांधलं आहे असं समजा. पण या बरणीचा काठ सपाट नाही, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला सखल आहे. फडकं काय करेल? काठाला काठाची उंची धरेल आणि मधे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अलगद उतरत जाईल. मधेच कुठे टेंगूळ नाही, खड्डा नाही. मधली उंची त्याला कोणी सांगितलेली नसते, काठावरून ती आपोआप ठरते.

हीलिंग ब्रश हेच करतो, फक्त उंचीच्या जागी उजेडाचा फरक असतो. आधी तो उसन्या तुकड्याची आणि इथल्या कातडीची काठावर तुलना करतो: इथली कातडी किती काळसर आहे, किती उजळ आहे. मग तो फरक फडक्यासारखा आतपर्यंत ताणतो. शेवटी त्या फडक्यावर उसन्या तुकड्याचे बारीक चढउतार, म्हणजे लव, रंध्रं आणि दाणे, बसवतो.

एकाच ओळीचे आकडे घेऊन पाहू. नळीच्या डाव्या काठावर खऱ्या गालाचा आकडा १५०, उजव्या काठावर १५८, आणि मधले तीन ठिपके नळीने झाकलेले. दुसरीकडून आणलेल्या कातडीच्या पाच ठिपक्यांचे आकडे आहेत १८०, १८३, १७९, १८२, १८०.

नुसतं ठिगळ लावलं तर ओळ होते १५०, १८३, १७९, १८२, १५८. नळी गेली, पण तिच्या जागी पांढुरका पट्टा आला.

आता रफू. डाव्या काठावर इथला आकडा १५० आणि उसना १८०, म्हणजे फरक उणे ३०. उजव्या काठावर १५८ आणि १८०, म्हणजे फरक उणे २२. हा फरक मधल्या तीन ठिपक्यांवर सारखा ताणला तर होतो उणे २८, उणे २६, उणे २४. तो उसन्या आकड्यांत मिळवायचा:

- १८३ मधून २८ गेले, उरले १५५
- १७९ मधून २६ गेले, उरले १५३
- १८२ मधून २४ गेले, उरले १५८

ओळ झाली १५०, १५५, १५३, १५८, १५८. उजेड इथल्या गालाचा, खरखर तिथल्या गालाची. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही आकड्यांसाठी हे वेगवेगळं होतं, आणि एका ओळीऐवजी चारी बाजूंच्या काठांवरून होतं. ब्रश उचलताक्षणी हजारो ठिपक्यांचा हिशेब संपलेला असतो.

## काठ खोटं बोलला तर

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: काठ खरं बोलतो. हीलिंग ब्रश काठावर आंधळा विश्वास ठेवतो. आणि बाळाच्या चेहऱ्यावर नळीचा काठ तीन ठिकाणी खोटं बोलतो.

पहिली जागा सावली. नळी गालावरून किंचित उचललेली असते, त्यामुळे तिच्या एका अंगाला बारीक काळी रेघ पडते. नवखा माणूस ३० पिक्सेलची नळी बघून ३० पिक्सेलचाच ब्रश घेतो. नळी जाते, पण काठ सावलीत पडल्यामुळे तो काळेपणा आत ओढला जातो आणि गालावर मळकट रेघ उरते. म्हणून सावली धरून मोजायचं. आमच्या फोटोत ती रुंदी पन्नासच्या घरात गेली.

दुसरी जागा पट्टीभोवतालची कातडी. नवजात बाळाची कातडी पातळ असते आणि पट्टी तिला ओढते. पट्टीच्या कडेला लालसर किनार येते, बारीक सुरकुत्या पडतात, ओठाचा कोपरा जरासा वर खेचला जातो. पट्टी काढली आणि ही किनार तशीच ठेवली, तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. ओढणारी पट्टी गेलेली असते आणि ओढलेली कातडी तशीच असते. म्हणून पट्टीच्या बाहेरची १५-२० पिक्सेलची लाल किनारही 'हरवलेली' समजून घ्यायची आणि तिच्यापलीकडची शांत कातडी काठ म्हणून धरायची.

तिसरी जागा सगळ्यात फसवी: नाकपुडी. तिथे एका बाजूला गुलाबी कातडी आणि दुसऱ्या बाजूला काळं भोक. ब्रशचा काठ चुकून भोकाला लागला, तर फडक्याची ती बाजू एकदम खोल जाते आणि काळेपणा आतवर पसरतो. रडणाऱ्या बाळाचं काजळ फिसकटावं तसा डाग दिसतो. ओठाच्या कडेलाही हेच होतं, फक्त डाग तांबडा असतो.

यावर उपाय शेतकऱ्याचा आहे. पाणी जिथे जाऊ नये तिथे आधी बांध घालायचा. नाकपुडीच्या कडेने नेमकी निवड आखून घ्यायची, म्हणजे ब्रश त्या रेषेपलीकडचा रंग आत घेत नाही. जिथे कडच नळीखाली गेली आहे, तिथे आधी क्लोन स्टॅम्पने साधं ठिगळ लावून कड उभी करायची आणि मग आतला भाग रफू करायचा. ठिगळ कडेसाठी, रफू पृष्ठभागासाठी. हा क्रम उलटा केला की नाक बिघडतं.

## मोठ्या पट्टीखालचा गाल

नळी अशी निघाली. गालावरच्या पट्टीला एवढं पुरत नाही. चारशे पिक्सेल लांबीचं भोक एका दमात रफू केलं, तर फडकं काठांमधून सपाट ताणलं जातं. पण बाळाचा गाल सपाट नाही, फुगलेला आहे. मधे जो उजेडाचा उंचवटा हवा तो काठावरून कळत नाही. परिणाम असा की गाल आत गेल्यासारखा, वाळल्यासारखा दिसतो. कमी वजनाच्या बाळाच्या आईला फोटोत नेमकं तेच नको असतं.

म्हणून इथे काम दोन थरांत करायचं. मातीची भिंत आधी लिंपून गोलाई नीट करतात, सारवणाचा हात त्यानंतर फिरतो. तसंच आधी गालाचा नुसता उजेड आणि रंग बसवायचा, कातडीची खरखर नंतर. पहिल्या थरासाठी मऊ कडेचा मोठा ब्रश घ्यायचा आणि त्याचा जोर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. पट्टीच्या वरचा रंग उचलून खाली आणायचा, खालचा उचलून वर न्यायचा, आणि उंचवटा कुठे येतो ते दुसऱ्या, मोकळ्या गालावर बघून ठरवायचं. या टप्प्यावर तो भाग मेणाचा दिसतो. घाबरायचं नाही, खरखर अजून यायची आहे.

दुसऱ्या थरासाठी पट्टीच्या जवळचीच कातडी लागते. कपाळाची कातडी गालावर चालत नाही. लव कोणत्या दिशेला झुकली आहे, रंध्रं किती दाट आहेत, हे जागेगणिक बदलतं. नाकाच्या शेंड्यावर कित्येक बाळांना पांढऱ्या मोहरीएवढेही नसलेले दाणे असतात. तिथला तुकडा गालावर आणला तर गालावर दाणे उगवतात. एकच तुकडा दोनदा वापरला तर डोळ्यांना जुळे ठिपके सापडतात, आणि एकदा सापडले की दुसरं काही दिसत नाही. म्हणून उसनवारी चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी करायची.

आणखी एक गोष्ट कातडीची नसून कॅमेऱ्याची आहे. अतिदक्षता कक्षात उजेड बेताचा असतो. मंद उजेडात मोबाईलच्या फोटोत वाळू शिंपडल्यासारखे दाणे येतात. मऊ ब्रशने रंगवलेल्या जागेत ते नसतात. घरी मोबाईलवर हे कळत नाही, पण फोटो मोठा छापला की सगळ्या चेहऱ्यावर वाळू आणि गालावर एक गुळगुळीत बेट, असं दिसतं. जवळची खरी कातडी उसनी घेतली की तिच्याबरोबर ही वाळूही येते. जिथे ती कमी पडते तिथे मुद्दाम दाणे मिसळावे लागतात.

काही फोटोंत पट्टी कागदी नसते, पारदर्शक असते. तेव्हा काम सोपं होतं, कारण तिच्याखालचा गाल धूसर का होईना, टिपलेला असतो. तिथे आधी काही भरायचं नाही. त्या भागाचा पांढुरकेपणा उतरवायचा आणि खालची खरी कातडी जेवढी वर येईल तेवढी येऊ द्यायची. पट्टीवर उजेड चमकून जिथे तिन्ही आकडे २५५ झालेत, तेवढ्याच ठिपक्यांत खाली काही उरलेलं नसतं. भरायचं ते फक्त तिथे.

## अर्धा ओठ कुठून आणायचा?

गाल शेजारच्या गालावरून येतो, पण ओठ शेजारून येत नाही. आमच्या फोटोत दुसरी पट्टी मिशीसारखी वरच्या ओठावर होती. तिच्याखाली ओठाची अर्धी कड आणि नाकपुडीचा खालचा काठ गेलेला. २०१० साली फोटोशॉपमध्ये आलेलं, फोटोतूनच मिळतेजुळते तुकडे शोधून भोक आपोआप भरणारं साधन इथे वापरलं, तर ते बिचारं जवळ दिसेल ते आणतं. कधी ओठावर टोपीची वीण येते, कधी तिसरी नाकपुडी. त्याला ओठ म्हणजे काय हे ठाऊक नसतं, फक्त कोणता तुकडा कशासारखा दिसतो एवढंच कळतं.

पहिला मार्ग चेहऱ्याच्या दुसऱ्या अर्ध्याचा. मोकळी नाकपुडी आणि ओठाची मोकळी बाजू उचलायची, आरशात बघितल्यासारखी उलटवायची आणि जागेवर आणायची. यात दोन खाचा आहेत. एक म्हणजे उजेड उलटतो. खिडकी फोटोत डावीकडे असेल, तर उलटवलेल्या तुकड्यावर ती उजवीकडे येते. म्हणून उलटवलेल्या तुकड्याचा फक्त आकार घ्यायचा, उजेड पुन्हा इथला बसवायचा. दुसरी म्हणजे चेहरा कललेला असला की दूरची नाकपुडी अरुंद दिसते, आणि कोणाच्याही चेहऱ्याची दोन अर्धी हुबेहूब सारखी नसतात. तंतोतंत आरसा लावला की बाळ बाहुलीसारखं दिसतं. उलटवलेला तुकडा थोडा दाबावा, थोडा फिरवावा लागतो.

दुसरा मार्ग जास्त खरा: त्याच बाळाचा दुसरा फोटो. मी आजींना विचारलं, "आजी, नळी नसतानाचा एखादा फोटो आहे का? कसाही चालेल." सुनेच्या मोबाईलमध्ये तसे दोन निघाले. एक बाळ निळ्या दिव्याखाली असतानाचा. काविळीसाठी लावतात त्या दिव्याने अख्खा चेहरा निळा झालेला आणि डोळ्यांवर पट्टी. त्यातून कातडीचा खरा रंग मिळणं शक्य नव्हतं. दुसरा नर्सने नळी बदलायला काढली होती तेव्हा घाईत काढलेला, थोडा हललेला. पण त्यात वरचा ओठ अख्खा दिसत होता. ओठाची मधली खाच आम्ही समजत होतो त्यापेक्षा चांगलीच खोल होती. आरशाच्या मार्गाने आम्ही ती उथळ केली असती, आणि आईने फोटो हातात घेताच म्हटलं असतं, 'हा आमचा नाही वाटत.'

हललेल्या फोटोतून आकार घेतला, खरखर मूळ फोटोतल्या मोकळ्या ओठाची घेतली, आणि उजेड रफूने बसवला. तीन ठिकाणचे धागे आले, पण सगळे त्याच बाळाचे.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. दुसरा फोटो नसेल, तर पट्टीखालचा ओठ हा अंदाजच असतो, कितीही सफाईने केला तरी. पट्टीखाली एखादा बारीक तीळ असेल तर तो कोणत्याही हत्याराने परत येत नाही. म्हणून ज्यांचं बाळ अजून काचेत आहे त्यांना मी सांगतो, नर्स पट्टी किंवा नळी बदलणार असेल तेव्हा तिला विचारून, फ्लॅश बंद ठेवून दोन-तीन फोटो काढून ठेवा. पण फोटोसाठी म्हणून पट्टी स्वतः कधीच सोडवू नका. नळी पोटात नेमकी किती आत हवी ते मोजून ती पट्टीने धरलेली असते. ती सरकली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय त्या वयाची कातडी पट्टीबरोबर सोलून येते.

## काम जमलं की नाही, कसं ओळखायचं?

दोन तास एकाच फोटोकडे पाहिलं की डोळे दिसेल त्याची सवय करून घेतात. म्हणून डोळ्यांना चकवणाऱ्या तीन तपासण्या आहेत. पहिली, फोटो आरशासारखा उलटवून बघणं. सवय मोडते आणि नाकपुडी वाकडी असेल तर लगेच दिसते. दुसरी, फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघणं. त्या आकारात खरखर नाहीशी होते आणि फक्त उजेडाचे मोठे डाग उरतात. गाल खपाटीला गेला असेल तर तो इथे सापडतो. तिसरी, तात्पुरता उजेड-अंधारातला फरक भयंकर वाढवणं. बाळ भेसूर दिसतं, पण जिथे वाळू नाही ते गुळगुळीत बेट आणि जुळे ठिपके उघडे पडतात.

मोबाईलवरून फोटो मागवतानाही एक काळजी घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि बारीक खरखर पुसली जाते. मग उसनं घ्यायला धागाच उरत नाही. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो.

### थोडक्यात

- फोटोतली नळी पुसता येत नाही. तिच्यावर दुसरीकडची कातडी बसवावी लागते.
- आधी मूळ फाइलची प्रत, मग सगळं काम मूळ फोटोच्या वर, वेगळ्या थरावर.
- नळीबरोबर तिची सावली आणि पट्टीबरोबर तिच्याभोवतीची लाल किनारही काढायची.
- कडा आधी ठिगळाने उभ्या करायच्या, पृष्ठभाग नंतर रफूने.
- मोठ्या जागेत आधी गोलाई, मग खरखर.
- ओठ आणि नाकपुडीसाठी त्याच बाळाचा दुसरा फोटो शोधायचा. कितीही हललेला असला तरी चालतो.
- शेवटी उलटवून, लहान करून आणि फरक वाढवून तपासायचं.

## खाली काय राहतं

आजी सुनेला घेऊन फोटो न्यायला आल्या. सुनेने पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "नळी कायमची गेली का?"

मी थरांच्या यादीतली वरच्या थरापुढची डोळ्याची खूण बंद केली. नळी, दोन्ही पट्ट्या, लाल किनार, सगळं परत आलं. खूण चालू केली, गाल परत आला. आमचं सगळं काम मूळ फोटोच्या वर, काचेवर चित्र काढावं तसं वेगळ्या थरावर होतं. मूळ फोटोतला एकही आकडा आम्ही बदललेला नव्हता.

तिने ती खूण आणखी दोनदा बंद-चालू करायला लावली. बारशाला भिंतीवर लावायला गालाचा फोटो छापला. छोट्या आकारात, पाकिटात बसेल असा, तिने नळीचाही मागितला.

आजी म्हणाल्या, "म्हणजे पुसलं काहीच नाही तुम्ही."

"नाही आजी. त्याचाच गाल त्याच्या नळीवर पांघरलाय."